अंगावर पाजणाऱ्या आईचा चेहरा आणि आठवड्याची पाच मिनिटं

प्रश्न : मी ३१ वर्षांची, बडोद्यात मांजलपूरला राहते. पहिलं बाळ, साडेतीन महिन्यांचं, फक्त अंगावरचं दूध. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. गरोदरपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आले. उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर होते, त्यानंतर ते आणखी काळे झालेत. शिवाय कपाळावर नि हनुवटीवर पुटकुळ्या. लग्नाआधीची एक ट्यूब घरात सापडली, तिच्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन लिहिलंय. गेल्या आठवड्यात दोन रात्री लावली, मग भीती वाटली. सासूबाई बेसन-हळद लावायला सांगतात. मला खरंच आठवड्याला पाच मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. तेवढ्यात काय करता येईल?

उत्तर : आधी त्या ट्यूबचं बोलू, कारण तुमची भीती तिथली आहे. दोन रात्री चेहऱ्यावर लावल्यानं बाळाला काही झालं असेल असं समजू नका आणि त्यासाठी दूध तोडण्याचं कारण नाही. पण आजपासून ती बंद. लग्नाआधीची असेल तर मुदतही बहुतेक उलटून गेली असेल. हायड्रोक्विनोन हवेनं तपकिरी पडतं, तसं पडलेलं मलम कोणीच वापरू नये.

बंद करण्याची कारणं तिन्ही औषधांची वेगवेगळी आहेत. हायड्रोक्विनोन हे डागांवरचं जुनं औषध, पण ते त्वचेवर राहत नाही. लावलेल्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रक्तात जातो. मलमांच्या मानानं हे प्रमाण फार मोठं आहे, आणि दुधातून किती उतरतं याचा पुरेसा अभ्यास नाही. डाग हा काही थांबू न शकणारा आजार नव्हे, म्हणून पाजत असेपर्यंत आम्ही ते देत नाही. ट्रेटिनॉइन रक्तात फारच कमी जातं. पण त्यानं कातडी सोलवटते, आणि तुमच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या बाळाच्या कातडीलाही ते लागू शकतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड. तिघांत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून बाई ती ट्यूब सोडत नाही. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या वाढतात, बारीक लव येते. ट्यूब बंद केली की चेहरा भाजल्यासारखा आग मारतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी मेडिकलवाल्याकडून ती सहज मिळतात. तुम्ही दोनच रात्री लावलीत, त्यामुळे सोडताना त्रास होणार नाही.

याच्या जागी एकच औषध घ्या : अझेलिक ॲसिड. मुरूम आणि वांग या दोन्हींवर ते चालतं, म्हणून ज्या बाईकडे एकाच ट्यूबला वेळ आहे तिला मी हेच देते. रंग तयार करणाऱ्या पेशींमधलं एक विकर ते मंदावतं आणि मुरमांतले जंतूही कमी करतं. हे आम्ल गहू, बार्लीसारख्या धान्यांत असतंच, आपल्या शरीरातही थोडं असतं. लावलेल्यापैकी साधारण चार टक्केच आत जातं. त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला ते निर्धास्त देता येतं. फक्त छाती आणि स्तनांवर लावायचं नाही. दहा टक्क्यांचं जेल किंवा क्रीम घ्या. वीस टक्क्यांचंही मिळतं, पण तिथून सुरुवात करू नका. त्याचं कारण तुमची झोप. झोप मोडत राहिली की कातडीचा वरचा थर स्वतःची डागडुजी हळू करतो, आणि पूर्वी जे मलम सोसलं असतं तेही आता चुरचुरतं. जागरण करणाऱ्या आईला मी म्हणूनच सगळं निम्म्यापासून सुरू करायला सांगते.

आता पाच मिनिटांचा हिशेब. रविवारी पाच मिनिटं बसून फेस पॅक लावला तर डागांना आणि मुरमांना काहीही फरक पडणार नाही. कुठलंच औषध आठवड्यातून एकदा लावून हे दोन त्रास कमी करत नाही. थोडं थोडं, पण रोज लागावं लागतं. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. सकाळी सनस्क्रीनला पंचवीस सेकंद धरा, सात दिवसांचे झाले एकशे पंच्याहत्तर. रात्री अझेलिकला पंधरा सेकंद, सहा रात्रींचे नव्वद. सातव्या रात्री सुट्टी. उरले पस्तीस सेकंद, ते रविवारी फोटोसाठी. चेहरा धुण्याला मी वेळ धरलेला नाही, कारण तो आंघोळीत धुतला जातोच. साधा, वास नसलेला, फार फेस न येणारा फेसवॉश आंघोळीच्या साबणाजवळ ठेवा. रात्री नुसतं पाणी मारलं तरी चालेल.

सकाळचं सनस्क्रीन हा या सगळ्याचा पाया आहे. ते चुकलं तर रात्रीच्या ट्यूबचा उपयोग जवळजवळ शून्य. नुसता ‘एसपीएफ ५०’ वाचून घेऊ नका. वांगाच्या डागांना अतिनील किरणांइतकाच साधा दिसणारा उजेडही काळं करतो, विशेषतः आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला. साधं पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. अडवतं ते रंग असलेलं, म्हणजे ज्याच्या घटकांत आयर्न ऑक्साइड लिहिलेलं असतं. दुकानात ‘टिंटेड’ म्हणून मागा, एसपीएफ तीस ते पन्नास, आणि घटकांत झिंक ऑक्साइड असेल तर उत्तम. झिंक कातडीच्या वरच बसून राहतं, बाळाच्या गालाला थोडं पुसलं गेलं तरी काळजी नसते. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा-मानेला लागतं. बहुतेक जणी याच्या पाव हिस्सा लावतात आणि सनस्क्रीननं गुण आला नाही म्हणतात. दोन रेघा एकदम फासू नका, एक पसरवा आणि तिच्यावर दुसरी. वरचा ओठ विसरू नका, तिथे डाग आहेत आणि बोट नेमकं तिथेच जात नाही.

रंगीत सनस्क्रीनचा एक त्रास आहे : बाळाच्या झबल्याला डाग पडतात. लावल्यावर पाच-दहा मिनिटं सुकू द्या आणि पाजताना खांद्यावर मलमलचा रुमाल टाका. घरातच असाल आणि खिडकीपासून लांब असाल तर सकाळी एकदा लावलेलं पुरतं. बाहेर पडलात, ॲक्टिव्हावर गेलात, तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. ते या पाच मिनिटांत बसत नाही हे मला माहीत आहे. म्हणून बाहेर जाताना आपल्याकडच्या मुली बांधतात तशी ओढणी डोळ्यांखालपर्यंत बांधा. जाड सुती ओढणी सनस्क्रीन चुकल्याची बरीच भरपाई करते.

रात्रीची वेळ ठरवताना घड्याळ बघू नका, तुमच्या घरात आता घड्याळ बाळाचं आहे. जेवणानंतरचं पहिलं पाजणं झालं, बाळ घोडियुंत गेलं, की लगेच. ट्यूब बाथरूममध्ये ठेवू नका, घोडियुंजवळच्या फळीवर ठेवा, तरच हात जाईल. चेहरा कोरडा हवा. हरभऱ्याएवढं जेल बोटावर घ्या, कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पसरवा. डोळ्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. वरच्या ओठावर बोटाला उरलेलं तेवढंच. मग हात साबणानं धुवा, कारण तोच हात पुढच्या वेळी बाळाच्या तोंडाजवळ जाणार आहे. रात्रीच्या पुढच्या पाजण्यापर्यंत ते मुरलेलं असतं. बाळाला कुशीत घेताना त्याचा चेहरा तुमच्या गालाऐवजी मानेखाली येईल असं बघा, एवढं बस्स. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र, नंतर आठवड्यात सहा रात्री. लावायच्या आधीच डोळा लागला तर ती रात्र गेली असं समजा, दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका.

पहिल्यांदा लावण्याआधी एका रात्री कानाच्या मागे थोडं लावून बघा. चेहऱ्यावर लावल्यावर मुंग्या आल्यासारखं, किंचित खाजल्यासारखं वाटेल. दहा-पंधरा मिनिटांत ते जात असेल तर ठीक आहे, दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप कमी होतं. सकाळपर्यंत लाली राहिली, कातडी सुटू लागली किंवा साधं पाणी लागलं तरी आग व्हायला लागली, तर तीन-चार रात्री पूर्ण थांबा. त्या दिवसांत फक्त साधं मॉइश्चरायझर किंवा पातळसा व्हॅसलिनचा हात. मग पुन्हा एक दिवसाआड, आणि आधी मॉइश्चरायझर, त्याच्यावर अझेलिक. इथे हट्टानं लावत राहणाऱ्या बायका फसतात. आपल्या कातडीची आग झाली की ती बरी होताना मागे काळा डाग ठेवून जाते, म्हणजे ज्या डागासाठी औषध लावलं तोच वाढतो.

बेसन-हळदीलाही माझा आक्षेप तेवढाच आहे. हळदीला नाही, घासण्याला. सासूबाईंना सांगताना ‘डॉक्टरांनी चोळू नका म्हटलंय’ एवढंच सांगा. वांग असलेल्या गालावर बेसन सुकवून चोळून काढलं की प्रत्येक घासणं डागात भर घालतं. बाळंतिणीच्या अंगाला, हातापायांना उटणं लावायला माझी हरकत नाही, चेहऱ्याला मात्र नको. लिंबू तर मुळीच नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजून निघते आणि महिनोन्‌महिने काळी राहते.

आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट डागांवर परिणाम करते, ती म्हणजे शेक. शेगडीसमोर बसून शेक घेणं, धुरी घेणं अजून पुष्कळ घरांत चालतं. वांगाचा डाग उन्हानं काळा होतो तसा उष्णतेनंही होतो. शेक घ्यायचाच असेल तर कंबरेला घ्या, चेहरा शेगडीकडे नको. आणि पोटऱ्यांवर किंवा कंबरेवर जाळीसारख्या तपकिरी रेषा उमटलेल्या दिसल्या तर शेक लगेच थांबवा. ती शेकाचीच खूण असते. लवकर थांबलं तर जाते, नाही तर राहून जाते.

कोवळ्या उन्हाचंही तसंच. मालिशनंतर बाळाला मांडीवर घेऊन आई उन्हात बसते, आणि बाळाबरोबर तिचे गालही उन्हात. तुमच्या घरी सासूबाई आहेत, ते काम त्यांना द्या. बाळाच्या ड जीवनसत्त्वासाठी बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब देतात. ते चालू असतील तर उन्हासाठी तुम्ही बसण्याची काहीच गरज नाही.

पुटकुळ्यांसाठी आता कपाळाकडे नीट बघा, कारण तुमच्या कपाळावरच्या आणि हनुवटीवरच्या पुटकुळ्या एकच असतील असं नाही. बाळंतिणीच्या डोक्याला तेल भरपूर घालतात. ते रात्रभर कपाळावर उतरतं आणि केसांच्या रेषेजवळ बारीक, बंद तोंडाच्या पुटकुळ्या उठवतं. त्या तेलाच्या पुटकुळ्या. तेल धुण्याआधी दोन तास घाला, रात्री घालून झोपू नका, आणि उशीचा अभ्रा बदला. महिनाभरात कपाळ निवळू लागतं. पण पुटकुळ्या सगळ्या एकाच मापाच्या असतील, खाजत असतील, घाम आला की वाढत असतील आणि छातीवर-पाठीवरही असतील, तर ती बुरशी. उकाड्यात आणि पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत आम्हांला ती फार दिसते. तिच्यावर अझेलिकनं भागत नाही, बुरशीचं औषध लागतं, आणि ते दाखवून घ्यावं. हनुवटीवरच्या, एकेक, लाल, कधी पू धरणाऱ्या आणि न खाजणाऱ्या, त्या नेहमीच्या मुरमाच्या. त्यांना अझेलिक लागू पडतं. फोडू नका. फोडलेल्या मुरमामागे राहणारा डाग आणि वांगाचा डाग हे वेगळे. मुरमाचा डाग मुरूम होता तिथेच असतो आणि काही महिन्यांत जातो. वांग दोन्ही गालांवर जवळजवळ सारख्या आकारात पसरतं आणि चिवट असतं.

रविवारचे पस्तीस सेकंद मी का राखून ठेवले ते एका बाईच्या उदाहरणावरून सांगते. वाडीतल्या एका जुन्या घरातली सूनबाई, बँकेत नोकरी, बाळंतपणाच्या रजेवर. बाळ चार महिन्यांचं, वांग तुमच्यासारखंच. तिला हीच योजना दिली होती. पहिले दोन आठवडे तिला चुरचुरलं. चौथ्या रविवारी हनुवटीवरचे नवे मुरूम निम्म्यावर आले, डाग मात्र तसेच. आठव्या रविवारी ती नाराज होऊन आली की काही फरक नाही. फोनमध्ये तिचे आठही फोटो होते. पहिला आणि आठवा शेजारी ठेवले तर उजवा गाल स्पष्ट फिकट झालेला, डागाची कड आत सरकलेली. डावा गाल मात्र पहिल्या दिवसासारखाच. दोन्ही गालांना औषध एकच, सनस्क्रीन एकच, मग हे कसं? मी तिला दिवसभर कुठे बसता ते विचारलं. पाजायची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीला लागून होती, डावी बाजू काचेकडे, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंतची सगळी पाजणी तिथेच. खिडकीची काच बंद असायची, म्हणून ऊन लागतंय असं तिला कधी वाटलंच नाही. साध्या काचेतून भाजवणारे किरण बहुतेक अडतात, म्हणून कातडी लाल होत नाही. पण डाग काळे करणारे लांब लहरींचे अतिनील किरण आणि उजेड आरपार येतात. खुर्ची आतल्या भिंतीकडे नेली, खिडकीला जाड पडदा लावला. औषध काहीच बदललं नाही. पुढच्या दोन महिन्यांत डावा गाल उजव्याच्या जवळपास आला. पूर्ण नितळ दोन्ही झाले नाहीत, पण तिला समाधान वाटलं आणि वीस टक्क्यांवर जाण्याची गरज पडली नाही.

तुमची पाजायची जागा कुठे आहे ते आजच बघा. खुर्ची हलवायला तुमच्या पाच मिनिटांतलं एक सेकंदही जात नाही, आणि दिवसाचे किती तास तुम्ही त्या जागी असता हे तुम्हांलाच ठाऊक.

फोटो मात्र शिस्तीनं काढा. तोंड धुतल्यावर, सनस्क्रीन लावण्याआधी, एकाच खिडकीसमोर, साधारण एकाच वेळी. डावा, समोरून, उजवा असे तीन. फ्लॅश बंद. आणि फोनचं ‘ब्यूटी’ सेटिंग आधी बंद करा. पुष्कळ फोनांत ते आपोआप चालू असतं आणि डाग पुसून दाखवतं, मग तुलना करून उपयोग काय? या रविवारचा फोटो मागच्या रविवारशी ताडून बघू नका, चार आठवड्यांपूर्वीच्याशी ताडून बघा. डाग किती काळा आहे यापेक्षा त्याची कड कुठे आहे ते बघा. आधी कड अस्पष्ट होते, मग तिच्यात मध्ये मध्ये मूळ कातडीचा रंग उगवतो, आणि सगळा डाग फिका होणं हे सगळ्यात शेवटी. आरशात रोज बघणारीला यातलं काहीच दिसत नाही.

अपेक्षा किती ठेवायची? मुरमांत फरक चार ते आठ आठवड्यांत दिसायला हवा. डागांना बारा आठवडे द्या. एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे : गरोदरपणातला वांगाचा डाग पुष्कळ बायकांत बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थोडाफार आपोआप उतरतो, कारण तो चढवणारी संप्रेरकं खाली गेलेली असतात, आणि पाजत असताना इस्ट्रोजेन कमीच राहतं. आपलं काम ऊन, उष्णता आणि घासणं यांनी तो उतार रोखू नये एवढं. आठ आठवड्यांत हनुवटी निवळली नाही तर अडीच टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड फक्त मुरमांवर ठिपक्यानं लावता येतं, तेही पाजताना चालतं. फक्त टॉवेल आणि दुपट्यांवर त्यानं पांढरे डाग पडतात. बारा आठवड्यांत कड जरासुद्धा हलली नाही, किंवा डाग पसरतोच आहे, किंवा मुरूम खोल, दुखरे, खड्डे पाडणारे आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा.

डोळ्यांखालच्या काळेपणासाठी मी एकही सेकंद ठेवलेला नाही. जागरणानं येणाऱ्या काळेपणाला क्रीमचा फारसा उपयोग होत नाही, झोप लागू लागली की तो कमी होतो. केस गळतीलच, साधारण याच महिन्यांत सुरू होतं आणि वर्षाच्या आत थांबतं. घरात त्यासाठी तेलं बदलली जातील, तेव्हा कपाळाची आठवण ठेवा.

गोरं करणारी, डबीवर घटक न लिहिलेली क्रीमं कोणी भेट दिली तरी वापरू नका. अशा क्रीमांत पारा सापडलेला आहे. पारा कातडीतून आत जातो, मूत्रपिंडाला इजा करतो, दुधातून आणि नुसत्या स्पर्शातूनही बाळापर्यंत पोचतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम भागात अशा क्रीमांमुळे मूत्रपिंडाचे रुग्ण आढळले होते. ग्लुटाथायोनची इंजेक्शनं आणि डागांसाठीच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्याही आत्ता नकोत. त्या गोळ्या रक्त गोठण्याकडे झुकवतात, आणि बाळंतपणानंतरच्या काळात ती शक्यता तशीही वाढलेली असते.

एक प्रश्न मात्र तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. पाळणा लांबवण्यासाठी काय सुरू करणार आहात? इस्ट्रोजेन असलेली गोळी पाजताना सुरुवातीचे महिने देत नाहीतच, पण पुढे कधी दिली तर वांग पुन्हा चढवू शकते. संप्रेरक असलेल्या साधनांनी, म्हणजे फक्त प्रोजेस्टिनची गोळी, इंजेक्शन किंवा संप्रेरक असलेलं गर्भाशयातलं साधन, यांनी काही जणींना मुरूम वाढतात. तांब्याची कॉपर-टी यातलं काहीच करत नाही. साधन कुठलं घ्यायचं ते तुमच्या तब्येतीवर आणि तुमच्या दोघांच्या विचारावर ठरेल, चेहऱ्यावर नाही. पण वांग आहे हे त्यांना सांगितलेलं असावं, कारण तपासणीच्या गडबडीत ते कोणी विचारत नाही.

दूध पूर्ण सुटल्यावर हायड्रोक्विनोनचा विचार करता येतो. तेव्हाही ते डॉक्टरनं लिहून दिलेलं, ठरावीक आठवड्यांपुरतं, आणि स्टेरॉइड असलेलं मिश्रण असेल तर फारच थोड्या दिवसांसाठी. तोवर घरातली ती जुनी ट्यूब रिकामी करून टाकून द्या, नाही तर एखाद्या जागरणानंतरच्या सकाळी हात पुन्हा तिच्याकडे जाईल.